‘आलात की फोन करा’ आणि पीण्यातली वीस मिनिटं

‘बंगळुरूला आलात की फोन करा, भेटूच.’ फोनवर हे वाक्य ऐकलं की पुण्याच्या माणसाला भेट ठरल्यासारखी वाटते. प्रत्यक्षात काहीच ठरलेलं नसतं. दिवस नाही, वेळ नाही, जागा तर नाहीच. मग तो माणूस मंगळवारी दुपारी बंगळुरूतून फोन करतो, तेव्हा समोरचा होसूरला गेलेला असतो, किंवा मीटिंगमध्ये असतो, किंवा ‘अरे, काल सांगायचं ना’ असं मनापासून हळहळतो. त्यात कुणाचा दोष नसतो. बोलावणं खरं असतं, फक्त त्याला तारीख नसते.

कामानिमित्त दुसऱ्या शहरात जाणाऱ्यांची संख्या आपल्याकडे मोठी आहे. त्यातले बहुतेक जण विमानतळ, टॅक्सी, कारखाना, लॉज आणि पुन्हा विमानतळ अशी फेरी मारून परततात. तिकिटाचे पैसे गेलेले असतात, दोन दिवस गेलेले असतात. त्याच शहरात ओळखीची पाच-सहा माणसं असतात आणि त्यांच्यातल्या एकाचंही तोंड दिसलेलं नसतं. हे टाळायची रीत साधी आहे. काही आठवडे आधी, नेमक्या दिवशी, छोट्या भेटीची वेळ मागायची. ऐकायला हे इतकं सोपं वाटतं की त्यावर लेख कशाला, असंही कुणी म्हणेल. पण प्रत्यक्ष आखणीला बसलं की आधी म्हणजे किती आधी, छोटी म्हणजे किती छोटी आणि कुणाला विचारायचं, या तिन्ही प्रश्नांवर गाडी अडते.

एक नमुन्याचा दौराच घेऊ. समजा, भोसरी एमआयडीसीत एकाचं छोटं मशीन शॉप आहे. त्याने एक व्हीएमसी मागवलं आहे. हे उभ्या स्पिंडलचं, संगणकावर चालणारं यंत्र. ते बनवणारा कारखाना बंगळुरूच्या पीण्या औद्योगिक वसाहतीत आहे. यंत्र ट्रकवर चढण्याआधी गिऱ्हाईक स्वतः जाऊन ते तपासतं, त्यावर आपला जॉब कापून बघतं आणि मापं बसली की सही करतं. या कामाला धंद्यात सगळे ‘पीडीआय’ म्हणतात. मंगळवारी दिवसभर ट्रायल, बुधवारी दुपारी अहवालावर सही, रात्रीच्या विमानाने परत, असा हा दौरा. मधल्या फटीत कुणाला भेटता येईल?

तो कागदावर नावं लिहितो तेव्हा पहिली येतात ती जवळची माणसं: व्हाइटफील्डला आयटीत असलेला कॉलेजचा मित्र, मावसबहीण. थोडा विचार केल्यावर दुसरी फळी आठवते. चाकणच्या कारखान्यात तीन वर्षांपूर्वी त्याच्यासोबत असलेले, आता पीण्यातच एका हायड्रॉलिक्स कंपनीत खरेदी बघणारे साहेब. बोम्मसंद्रातलं एक जुनं गिऱ्हाईक, ज्याची ऑर्डर दोन वर्षांत आलेली नाही. आणि प्रदर्शनात भेटलेला, कार्बाइड टूल विकणाऱ्या कंपनीचा एक इंजिनिअर, ज्याने स्टॉलवर उभ्या उभ्या त्याची एक अडचण सोडवून दिली होती.

धंद्याच्या दृष्टीने ही दुसरी फळीच जास्त मोलाची असते. तिच्यामागे एक गाजलेलं संशोधन आहे. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी बॉस्टनजवळच्या न्यूटन गावातल्या, नुकतीच नोकरी बदललेल्या लोकांना विचारलं, की ज्या ओळखीतून नोकरी कळली ती व्यक्ती त्या काळात तुम्हाला किती वेळा भेटत असे? १९७३ साली छापलेल्या त्यांच्या लेखात उत्तर आहे. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी जेमतेम १७ टक्के लोकांची ती ओळख आठवड्यातून दोनदा किंवा जास्त भेटणारी होती. सुमारे ५६ टक्क्यांची अधूनमधून भेटणारी होती आणि जवळजवळ २८ टक्क्यांची वर्षातून एकदा किंवा त्याहूनही कमी. नमुना लहान होता आणि प्रश्न नोकरीपुरता होता, हे खरं. पण कारण कुठल्याही धंद्यात पटण्यासारखं आहे. रोज भेटणाऱ्याला जे माहीत असतं ते बहुधा आपल्यालाही माहीत असतं. वर्षातून एकदा भेटणारा वेगळ्या वर्तुळात वावरतो, म्हणून त्याच्याकडे आपल्याला न कळलेली बातमी असते. आणि नेमका हाच माणूस दुसऱ्या शहरात असला की भेटायचा राहून जातो.

म्हणून कागदावरची पहिली खूण चाकणवाल्या साहेबांच्या नावापुढे करायची, मावसबहिणीच्या नाही. ती जेवायला घालणारच आहे. तिला आदल्या दिवशी सांगितलं तरी चालतं.

आता किती आधी? तीन-चार आठवडे ही चांगली मुदत आहे, आणि तिच्यामागचं कारण नुसतं सौजन्याचं नाही. गाल झाउबरमन आणि जॉन लिंच या दोन संशोधकांनी २००५ साली काही प्रयोग प्रसिद्ध केले. लोकांना आजचा मोकळा वेळ आणि महिन्याभराने असणारा मोकळा वेळ यांची तुलना करायला सांगितली, तर महिन्याभराने आपण बरेच मोकळे असू, असं लोकांना वाटतं. पैशाच्या बाबतीतही असा भ्रम असतो, पण वेळेच्या बाबतीत तो कितीतरी जास्त. म्हणजे आज ‘उद्या याल का’ विचारलं तर उद्याची गर्दी डोळ्यांसमोर असते. ‘महिन्याभराने १८ तारखेला याल का’ विचारलं तर डायरीचं पान कोरं दिसतं आणि होकार सहज येतो.

पण याच गोष्टीची दुसरी बाजू असते आणि ती मात्र बरेच जण विसरतात. सहज आलेला होकार कच्चाही असतो. १८ तारीख उजाडते तेव्हा ते पान कोरं राहिलेलं नसतं. त्यावर ऑडिट आलेलं असतं, साहेबांचे साहेब आलेले असतात. तासाभराची भेट अशा दिवशी पहिली कापली जाते. वीस मिनिटांची भेट तगते, कारण ती कुठेतरी सरकवता येते. आधी विचारणं आणि थोडं मागणं या दोन वेगळ्या सूचना नव्हेत, ती एकाच युक्तीची दोन टोकं आहेत. लवकर विचारल्यामुळे होकार मिळतो, आणि भेट छोटी असल्यामुळे तो होकार त्या दिवसापर्यंत टिकतो.

पीडीआयसारख्या दौऱ्यात आणखी एक गोची असते. यंत्र कधी तयार होईल हे यंत्रवाल्यालाही नीट माहीत नसतं. एखादा सुटा भाग यायचा राहतो आणि तारीख आठवड्याने पुढे जाते. अशा वेळी महिनाभर आधी नेमकी वेळ ठरवून ती तीनदा बदलणं हे न विचारण्यापेक्षा वाईट. त्यावर उपाय म्हणजे दोन टप्प्यांत विचारणं. महिनाभर आधी फक्त आठवडा सांगायचा: ‘नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात पीण्यात येतोय, त्या आठवड्यात तुम्ही बंगळुरूत आहात ना?’ तारीख पक्की झाली, तिकीट निघालं, की दहा-बारा दिवस आधी वेळ मागायची. पहिल्या निरोपातच निम्मी माहिती मिळते. कुणी त्या आठवड्यात रजेवर असतं, कुणाची बदली झालेली असते.

त्या आठवड्याकडे समोरच्याच्या कॅलेंडरमधून बघणंही गरजेचं असतं. १ नोव्हेंबरला कर्नाटक राज्योत्सवाची सुट्टी असते, हे पुण्यात लक्षात राहत नाही. आपल्या खंडेनवमीच्या दिवशी तिकडे आयुधपूजा असते आणि कारखान्यात यंत्रांना हार घातलेले असतात. त्या दिवशी मापांच्या गप्पा कुणी मारत नाही. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात खरेदी खात्यातल्या माणसाकडे तर वीस मिनिटं मागूच नयेत.

आता खुद्द निरोप. भोसरीवाला साहेबांना काहीसं असं लिहितो:

‘नमस्कार सर, भोसरीहून लिहितोय. तीन वर्षांपूर्वी चाकणला आपण एकत्र होतो, मी टूलरूमला होतो. मंगळवारी १८ तारखेला नव्या मशीनच्या ट्रायलसाठी पीण्यात आहे. त्या दिवशी संध्याकाळी साडेपाचला तुमच्या ऑफिसात वीस मिनिटं भेटता येईल का? मॅनिफोल्ड ब्लॉकचं काम बाहेर देता तेव्हा माल कशावरून परत जातो, एवढंच समजून घ्यायचं आहे. मंगळवारी नसेल जमत, तर बुधवारी सकाळी साडेआठलाही येतो. नाहीच जमलं तर पुढच्या फेरीला.’

या निरोपात काय आहे ते बघा. तो कोण, हे पहिल्याच ओळीत कळतं. तीन वर्षांनी नाव आठवत नसलं तरी समोरच्याला अवघड वाटत नाही. दौरा दुसऱ्याच कामासाठी आहे, म्हणजे ‘तुमच्यासाठी पुण्याहून आलोय’ हे ओझं साहेबांवर नाही. दोन वेळा दिल्या आहेत. ‘तुम्हाला कधी सोयीचं’ असं विचारलं असतं तर डायरी उघडून शोधायचं काम त्यांच्यावर पडलं असतं, आणि असं काम माणूस उद्यावर टाकतो. प्रश्न असा आहे की त्याचं उत्तर साहेबांना तयारीशिवाय देता येईल. मॅनिफोल्ड ब्लॉक म्हणजे आतून एकमेकांना छेदणारी भोकं असलेला धातूचा ठोकळा. ती भोकं जिथे मिळतात तिथे आत बारीक बर राहते, आणि ती सुटून व्हॉल्व्हमध्ये गेली की सगळं अडतं. खरेदीवाल्याचं हे रोजचं दुखणं असल्यामुळे त्यावर तो आनंदाने बोलतो. याउलट ‘काही काम असेल तर सांगा’ या मागणीला ‘बघतो’ यापलीकडे उत्तरच नसतं.

आणि शेवटच्या वाक्याने नकाराची वाट मोकळी ठेवली आहे. ती असली की नकारसुद्धा स्वच्छ येतो. नाहीतर मौन येतं, आणि मौनाचा अर्थ लावत बसणं हे दौरा आखणाऱ्याचं सगळ्यात वैतागवाणं काम.

होकार आला, तरी तो खरा की तोंडदेखला हे कसं ओळखायचं? एक सोपी खूण आहे. ‘या की’ एवढंच आलं, तर भेट अजून ठरलेली नाही. गेट नंबर, इमारत, गाडी कुठे लावायची, आत येताना कुणाचं नाव सांगायचं, असं काही आलं की समजावं, साहेबांनी ती वेळ मनात नोंदवली. ते आपणहून आलं नाही, तर विचारावं: ‘कुठल्या गेटने येऊ?’ त्या एका प्रश्नाने कच्चा होकार पक्का होतो किंवा गळून पडतो. दोन्ही चालतं, फक्त ते दहा दिवस आधी कळायला हवं.

मग येतो नकाशा, आणि बंगळुरूत बहुतेक आखण्या इथेच फसतात. पीण्या शहराच्या वायव्येला, बोम्मसंद्रा पार दक्षिणेच्या टोकाला इलेक्ट्रॉनिक सिटीच्या पुढे, व्हाइटफील्ड पूर्वेला आणि विमानतळ उत्तरेला देवनहळ्ळीत. पुण्याच्या हिशेबाने माणूस ‘दहा किलोमीटर, म्हणजे वीस-पंचवीस मिनिटं’ धरतो आणि हेब्बाळच्या पुलावर उभा राहून माफीचे फोन करतो. पीण्याहून बोम्मसंद्रा तीस किलोमीटरहून जास्त आहे. सुदैवाने ऑगस्ट २०२५ मध्ये मेट्रोची पिवळी मार्गिका सुरू झाली. पीण्याच्या हिरव्या मार्गिकेवर बसायचं, आर. व्ही. रोडला गाडी बदलायची, थेट बोम्मसंद्र्याला उतरायचं. पिवळ्या मार्गिकेवर सुरुवातीला गाड्या इतक्या कमी होत्या की पंचवीस मिनिटांनी एक यायची, म्हणून सगळे धरून पावणेदोन तास ठेवलेले बरे. पण ते पावणेदोन तास पावणेदोनच राहतात. रस्त्याचा भरवसा कुणी देत नाही.

भोसरीवाल्याची आखणी मग अशी होते. मंगळवारी ट्रायल किती लांबेल सांगता येत नाही. जॉबचं माप एकदा चुकलं की ऑफसेट बदलून पुन्हा कापायचं. म्हणून त्या दिवशी एकच भेट, तीही पीण्यातलीच, चाकणवाल्या साहेबांची. उशीर झालाच, तर बुधवारी सकाळी साडेआठची दुसरी वेळ त्याने आधीच मागून ठेवली आहे. बुधवारी साडेअकराला बोम्मसंद्रा. तिथून परत पीण्यात, तीन वाजता अहवालावर सही. टूलवाल्या इंजिनिअरशी पाच वाजता हेब्बाळला कॉफी, कारण विमानतळाची वाट तिथूनच जाते. व्हाइटफील्डच्या मित्राला कामाच्या वेळेत बसवताच येत नाही, म्हणून तो मंगळवारी रात्री मल्लेश्वरमला जेवायला येईल. दोन दिवसांत कामाच्या तीनच भेटी. पाच करण्याचा मोह होतो. पण पहिली भेट वीस मिनिटं लांबली की पाचव्या माणसाला तासभर ताटकळावं लागतं, आणि पुढच्या वेळी तो वेळ देताना विचार करतो.

वीस मिनिटांच्या भेटीला प्रत्यक्षात तास लागतो, हेही हिशेबात हवं. कंपनीच्या गेटवर ओळखपत्र दाखवा, रजिस्टरमध्ये लिहा, लॅपटॉपचा नंबर नोंदवा, मोबाइलच्या कॅमेऱ्यावर स्टिकर लावून घ्या. यात दहा-पंधरा मिनिटं जातात. मग चहा. चहा आल्याशिवाय आपल्याकडे कामाचं बोलणं सुरू होत नाही, आणि तो नको म्हणणं हा उद्धटपणा. शॉपवर नेऊन दाखवतो म्हणाले तर सेफ्टी शूज नसल्याने दारातूनच परत यावं लागतं. ट्रायलसाठी घातलेले बूट तसेच पायात ठेवले तर हा प्रश्न येत नाही. नमुन्याचा ब्लॉक दाखवायला न्यायचा तर तो चेक-इन बॅगेत टाकावा. हँडबॅगेत धातूचा ठोकळा दिसला की विमानतळावर सुरक्षा तपासणीत बॅग उघडावी लागते.

वीस मिनिटं झाली की उठायचं ते मागणाऱ्याने. ‘सर, वीस मिनिटं झाली’ असं म्हटल्यावर साहेब ‘बसा हो’ म्हणाले तर बसावं, तो त्यांचा निर्णय. पण आपण न उठता चाळीस मिनिटं खाल्ली, तर पुढच्या फेरीला ‘वीस मिनिटं’ या शब्दावर कुणी विश्वास ठेवत नाही.

न विचारता थडकण्याचं एक मोठं उदाहरण आपल्याच इतिहासात आहे, आणि ते पुढे करून कुणी म्हणेल की वेळ मागायची गरज काय. जमशेटजी टाटा १९०२ साली अमेरिकेला गेले तेव्हा पोलादाचा कारखाना त्यांच्या डोक्यात होता. तिथल्या दौऱ्यात ज्युलियन केनेडी या नावाजलेल्या पोलाद-अभियंत्याने त्यांना सांगितलं की आधी खनिजाचा नीट शोध घ्या, आणि त्यासाठी न्यूयॉर्कच्या चार्ल्स पेज पेरिन यांचं नाव सुचवलं. टाटा पेरिनच्या ऑफिसात पूर्वसूचनेशिवायच जाऊन उभे राहिले आणि पेरिन तयार झाले. पुढे साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला, कारखाना उभा राहिला आणि १९१२ साली तिथे पोलाद निघालं. ही हकिगत नीट बघितली तर वेगळंच काही दिसतं. पेरिनचं नाव टाटांना घरी बसून मिळालं नव्हतं. दौऱ्यातल्या एका भेटीतून दुसऱ्या भेटीचा पत्ता निघाला. वेळ न घेता जाणं त्यांना परवडलं, कारण पुढ्यात टाकायला एक अख्खा पोलाद कारखाना होता. भोसरीवाल्याच्या पिशवीत एक मॅनिफोल्ड ब्लॉक आहे.

पण टाटांच्या हकिगतीतून एक गोष्ट त्याने जरूर उचलावी. प्रत्येक भेटीच्या शेवटी ‘याबाबत आणखी कुणाशी बोलावं?’ हा प्रश्न. बोम्मसंद्रातलं गिऱ्हाईक ऑर्डर देत नाही, पण शेजारच्या गल्लीतल्या कुणाचं तरी नाव देतं. ते नाव त्याच दिवशी भेटायचं नसतं. ते पुढच्या दौऱ्याच्या कागदावर जातं.

पगारी माणसाचं थोडं वेगळं. तिकीट कंपनीचं आहे, तेव्हा कुणाला भेटणार हे साहेबाला आधी सांगितलेलं बरं. बहुतेक साहेब खूशच होतात. स्पर्धक कंपनीतल्या जुन्या सहकाऱ्याला भेटायचं असेल तर न सांगणं अंगाशी येऊ शकतं, आणि तिथे भाव, गिऱ्हाइकाचं नाव, ड्रॉइंग यातलं काही तोंडातून निघता कामा नये. एक रात्र जास्त राहायचं तर त्या रात्रीचं लॉजचं बिल स्वतःच्या खिशातून. बाकरवडीच्या पुड्याला सहसा हरकत नसते, पण काही कंपन्यांत खरेदी खात्याला तोही घेता येत नाही. म्हणून तो साहेबांच्या टेबलावर न ठेवता ‘सगळ्यांसाठी’ म्हणून चहाच्या टेबलावर ठेवतात.

आदल्या दिवशी दुपारी एक ओळ पाठवायची: ‘उद्या साडेपाचला येतोय, दोन नंबरच्या गेटने.’ ‘जमतंय ना?’ असं विचारायचं नाही, कारण तो प्रश्न आयती पळवाट देतो; पण खरंच जमत नसेल तर समोरचा या ओळीवरही कळवतोच. ट्रायल लांबतेय असं चार वाजता दिसलं तर चार वाजताच सांगायचं. साडेपाचला नाही.

भेट संपल्यावर टॅक्सीत बसताच तीन गोष्टी लिहून ठेवाव्यात: काय कळलं, काय पाठवायचं कबूल केलं, कुणाचं नाव मिळालं. रात्री मित्रासोबत जेवून लॉजवर आल्यावर यातलं दुसरं हमखास विसरलेलं असतं. साहेबांनी बर काढायच्या पद्धतीचा फोटो मागितला होता. तो गुरुवारी गेला तर ओळख चालू राहते, महिन्याने गेला तर तो कशाचा फोटो हेच त्यांना आठवत नाही.

पण गुरुवारी भोसरीत शॉप बंद असतं. पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यात आठवड्याची सुट्टी गुरुवारची. त्यामुळे तो घरून फोटो पाठवतो, आणि साहेबांचं उत्तर येतं: जानेवारीत एका व्हेंडरच्या ऑडिटसाठी चाकणला येणार आहेत, गुरुवारी दुपारी मोकळे आहेत, वीस मिनिटं शॉपवर डोकावलं तर चालेल का? तो लगेच लिहितो, ‘सर, गुरुवारी आमच्याकडे सुट्टी, मशीन बंद असेल. बुधवारी संध्याकाळी किंवा शुक्रवारी सकाळी साडेआठला?’